फाईल बायकोची, दुखणं नवऱ्याचं: व्हेरिकोसील आणि मूल न होणं

रविवारी विहारात वंदना झाली की मी पाच-दहा मिनिटं पायरीवर बसते. कुणाचं बीपी बघायचं असतं, कुणाला रिपोर्ट वाचून हवा असतो. मागच्या वर्षी एक पंचविशीतली मुलगी सासूबरोबर आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जाडजूड फाईल. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नाही. सासू म्हणाली, "सिस्टर, हिच्यात काय दोष आहे ते बघा."

मी फाईल चाळली. पाळीच्या गोळ्या, थायरॉईड, चार सोनोग्राफी, गर्भनळ्या मोकळ्या आहेत का ते पाहायचा एक्स-रे. सगळं ठीक होतं. नवऱ्याच्या नावाचा मात्र एकही कागद त्या फाईलमध्ये नव्हता.

मी विचारलं, "भाऊंची तपासणी कधी झाली?" सासू माझ्याकडे बघतच राहिली. "त्याला काय धाड भरली? अक्कलकोट रोडला यंत्रमागावर बारा तास उभा राहतो."

त्या मुलीच्या नवऱ्याला जे निघालं त्याला व्हेरिकोसील म्हणतात. आपल्याकडे याचं नाव फार कमी लोकांनी ऐकलंय, पण दुखणं मुळीच दुर्मिळ नाही. शंभर पुरुषांमागे साधारण पंधराजणांना ते असतं. मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या शंभर पुरुषांत ते पस्तीस-चाळीसजणांत सापडतं. यातला पहिला आकडाही नीट लक्षात ठेवा. व्हेरिकोसील असूनही कितीतरी पुरुषांना सहज मुलं होतात. म्हणून "व्हेरिकोसील निघालं की ऑपरेशन करा" हे जसं चूक, तसंच "त्याने काही होत नाही" हेही चूक. कुणाला ऑपरेशनचा उपयोग होतो आणि कुणाला होत नाही, हेच आज सांगायचंय.

हे नेमकं असतं काय?

पुरुषाच्या वृषणातून, म्हणजे गोळीतून, रक्त परत वर नेणाऱ्या बारीक शिरांचं एक जाळं असतं. या शिरांमध्ये झडपा असतात. रक्त वर जातं, खाली येत नाही. या झडपा नीट बंद होईनाशा झाल्या की रक्त उलटं खाली उतरतं आणि साचतं. शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात. उभं राहून काम करणाऱ्या बाईच्या पिंढरीवर निळ्या शिरा फुगलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. हा प्रकार तसाच, फक्त जागा वेगळी.

बहुतेक वेळा हे डाव्या बाजूला होतं. उजवीकडची शीर पोटातल्या मोठ्या शिरेला तिरकी जाऊन मिळते. डावीकडची मात्र लांब वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. त्यामुळे डावीकडे रक्ताचा दाब जास्त पडतो.

आता याचा मुलाशी काय संबंध? वृषण पोटाच्या आत नसून बाहेर पिशवीत लोंबतात, त्याला कारण आहे. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड जागा लागते. पोटातलं गरम रक्त उलटं येऊन तिथे साचलं की ही थंडाई जाते. साचलेल्या रक्तामुळे शुक्राणूंना इजा करणारे घटकही वाढतात. शुक्राणू कमी तयार होतात, जे होतात त्यांची चाल मंदावते, आकार बिघडतो. डाव्या बाजूचा त्रास असला तरी ऊब दोन्ही बाजूंना पोचते, म्हणून एका बाजूच्या शिरांनीही एकूण संख्या घटू शकते.

लैंगिक ताकदीशी याचा थेट संबंध नाही. संबंध नीट होतात, वीर्य नेहमीसारखं पडतं, बघून काहीच कळत नाही. म्हणूनच "मला काय झालंय?" असं पुरुषाला वाटतं आणि फाईल बायकोची फुगत जाते.

हाताने बघायचं दुखणं

त्या भाऊला मी सर्जरीच्या ओपीडीत न्यायला सांगितलं. आपल्या सोलापुरात सिव्हिलला सर्जनची ओपीडी आहे, तिथे ही तपासणी होऊ शकते. तपासणीला पाच मिनिटं लागतात, पण ती नीट झाली पाहिजे.

पुरुषाला उभं करून तपासतात. खोली फार थंड असेल तर पिशवी आकसते आणि काही हाताला लागत नाही. डॉक्टर आधी नुसतं बघतात, मग हाताने चाचपतात, मग "श्वास कोंडून पोटावर जोर द्या" म्हणतात, शौचाला जोर देतो तसा. जोर दिल्यावरच शिरा हाताला लागल्या तर पहिली पायरी. जोर न देता लागल्या तर दुसरी. लांबूनच डोळ्यांना दिसल्या, गांडुळांची गुंडाळी असावी तशा, तर तिसरी. मग आडवं झोपवून पुन्हा बघतात. झोपल्यावर शिरा रिकाम्या होऊन बसल्या पाहिजेत.

झोपल्यावरही शिरा तशाच फुगलेल्या राहिल्या, किंवा फक्त उजव्या बाजूला फुगल्या, किंवा मोठ्या वयात अचानक फुगल्या, तर पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी लागते. कधीकधी पोटातली किंवा मूत्रपिंडाची गाठ त्या शिरेवर दाब देत असते. हे क्वचित घडतं, पण चुकवून चालत नाही.

आणि इथे सगळ्यात मोठी फसगत होते. सोनोग्राफी-डॉपलर केलं की रिपोर्टवर शिरेची जाडी मिलिमीटरमध्ये छापून येते. साधारण तीन मिलिमीटरच्या वर शीर असली आणि जोर दिल्यावर रक्त उलटं फिरताना दिसलं की "व्हेरिकोसील" असा शेरा पडतो. हाताला काहीच न लागणाऱ्या, फक्त मशीनवर दिसणाऱ्या अशा शिरांचं ऑपरेशन करून मूल होण्याला मदत होते, असं दिसून आलेलं नाही. अमेरिकेतल्या मूत्ररोग आणि वंध्यत्व तज्ज्ञांच्या संघटनांनी आपल्या मार्गदर्शनात साफ लिहिलंय की असं ऑपरेशन करू नये. म्हणून कुणी नुसता सोनोग्राफीचा कागद दाखवून ऑपरेशनची तारीख देत असेल तर विचारा, "डॉक्टर, उभं करून हाताने तपासल्यावर लागतंय का? कितवी पायरी?"

वीर्य तपासणी: एकदा नव्हे, दोनदा

निर्णय ज्या कागदावर उभा राहतो तो म्हणजे वीर्य तपासणीचा रिपोर्ट. तो चुकला तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तपासणीच्या आधी दोन ते सात दिवस वीर्य पडू द्यायचं नाही. कमी दिवस ठेवले तर आकडा खोटा कमी येतो, फार दिवस ठेवले तर चाल मंद दिसते. लॅबने दिलेल्या डबीतच, हाताने, साबण-तेल-थुंकी न लावता नमुना घ्यायचा. साध्या निरोधमध्ये घेतलेला नमुना चालत नाही, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात. पहिल्या थेंबांत सगळ्यात जास्त शुक्राणू असतात. ते सांडले तर लाजू नका, लॅबला सांगा आणि पुन्हा द्या. शक्यतो लॅबमध्येच द्यायचा. घरून न्यायचा तर डबी शर्टाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवून तासाभराच्या आत पोचवायची. माझ्या पाहण्यातल्या एका भाऊचा नमुना सकाळी दिलेला, तपासला दुपारी. रिपोर्टवर "चाल जवळजवळ शून्य". तो माणूस आठ दिवस जेवला नाही. दुसरीकडे वेळेत तपासला तर चाल ठीक निघाली.

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे आजचा रिपोर्ट हा अडीच-तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराची बातमी असतो. मधल्या काळात डेंग्यू, टायफॉईड किंवा मोठा ताप येऊन गेला असेल तर संख्या तात्पुरती घटते. म्हणून एका रिपोर्टवर काही ठरवायचं नाही. काही आठवड्यांच्या अंतराने दुसरी तपासणी करायची, ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून.

रिपोर्ट वाचताना तीन गोष्टी बघा. संख्या: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तकाप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये निदान 1 कोटी 60 लाख. रिपोर्टवर हे 16 मिलियन असं छापलेलं असतं. पुढे सरकणारी चाल: शंभरातले निदान 30. नीट आकार: शंभरातले निदान 4. होय, चारच. "96 टक्के खराब" असं ऐकून घाबरू नका, निरोगी माणसांतही तसंच असतं. हे आकडे म्हणजे पास-नापासची रेघ नाही. याच्या खाली असूनही मुलं होतात आणि वर असूनही कधी होत नाहीत.

त्या घरात काय झालं

आता त्या यंत्रमागावरच्या भाऊकडे येऊ. वय तीस, बायकोचं पंचवीस. पहिल्या रिपोर्टमध्ये वीर्य 2 मिलिलिटर, संख्या मिलिलिटरमागे 80 लाख, पुढे सरकणारे शंभरात 20. पाच आठवड्यांनी दुसरा रिपोर्ट आला, तोही जवळजवळ तसाच. उभं करून तपासल्यावर डाव्या बाजूला तिसऱ्या पायरीचं व्हेरिकोसील आणि डावी गोळी उजवीपेक्षा जराशी लहान. दुखत नव्हतं. "संध्याकाळी मागावरून उतरलो की खाली जड वाटतं, मी म्हटलं उभं राहून होत असेल," असं तो म्हणाला.

एक हिशेब इथे मांडून दाखवते, कारण तो कुणी समजावत नाही. 2 मिलिलिटर गुणिले 80 लाख म्हणजे एकूण 1 कोटी 60 लाख शुक्राणू. त्यातले शंभरात 20 पुढे सरकणारे, म्हणजे कामाचे फक्त 32 लाख. ढोबळमानाने, हा कामाचा आकडा 50 लाखांच्या खाली असेल तर नैसर्गिक गर्भ राहण्याची शक्यता बरीच कमी होते आणि डॉक्टर टेस्ट ट्यूब बेबीच्या मार्गाबद्दल बोलायला लागतात. तो 50 लाख ते एक कोटीच्या वर गेला तर वीर्य धुऊन गर्भाशयात सोडण्याचा, म्हणजे आययूआयचा, स्वस्त मार्ग खुला होतो. आणखी वर गेला तर घरीच वाट बघता येते.

त्याची रक्ततपासणीही केली. मेंदूतल्या ग्रंथीतून निघणारं एफएसएच नावाचं संप्रेरक नेहमीच्या पातळीत होतं. हे चांगलं लक्षण. एफएसएच खूप वाढलेलं असेल आणि गोळ्या लहान असतील तर कारखानाच थकलाय असं समजायचं. मग शिरा बांधून फार काही हाती लागेलच असं नाही.

त्याचं ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी संख्या मिलिलिटरमागे 1 कोटी 50 लाख. सहा महिन्यांनी 2 कोटी 20 लाख, पुढे सरकणारे शंभरात 35. पुन्हा हिशेब करा: 2 मिलिलिटरमध्ये 4 कोटी 40 लाख, त्यातले कामाचे 1 कोटी 54 लाख. दहाव्या महिन्यात बायकोची पाळी चुकली.

ही एका घराची गोष्ट झाली. सगळ्या घरांत असं होत नाही. म्हणून आता अभ्यास काय सांगतात ते बघू.

ऑपरेशनने फायदा होतो का?

एडिनबरोमधल्या टुलोक नावाच्या सर्जनने 1950 च्या दशकात एका पुरुषाचं दोन्ही बाजूंचं व्हेरिकोसील बांधलं. त्याच्या वीर्यात आधी शुक्राणूच नव्हते. ऑपरेशननंतर ते आले आणि त्याला मूल झालं. तेव्हापासून जगभर हे ऑपरेशन सुरू झालं. पुढे 2003 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात तोवरच्या अभ्यासांचा आढावा आला. त्याचा निष्कर्ष होता की ऑपरेशनने मूल होण्याची शक्यता वाढत नाही. अनेक डॉक्टर तेव्हापासून याच्या विरोधात गेले.

पण त्या आढाव्यात एक खोट होती. त्यात ज्यांच्या शिरा फक्त मशीनवर दिसत होत्या असे पुरुष होते. ज्यांचं वीर्य मुळातच ठीक होतं असेही होते. ज्याचं वीर्य ठीक आहे त्याचं ऑपरेशन करून सुधारणार काय? पाय न मोडलेल्यांना प्लास्टर घालून "प्लास्टरचा उपयोग नाही" म्हणण्यासारखंच ते झालं.

2011 मध्ये एक नेमका अभ्यास आला. त्यात शिरा हाताला लागणारे, वीर्य तपासणीत दोष असलेले आणि मूल न होणारे असेच पुरुष घेतले, सुमारे 145. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले. एका गटाचं दुर्बिणीखाली ऑपरेशन केलं, दुसऱ्याला नुसतं थांबवलं. वर्षभरात ऑपरेशन झालेल्या शंभरांमागे साधारण 33 घरांत नैसर्गिक गर्भ राहिला. नुसत्या थांबलेल्या शंभरांमागे 14 घरांत.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. ऑपरेशनने फायदा झाला, शंभरात 19 घरं जास्त. म्हणजे साधारण पाच ऑपरेशनमागे एका घराला जास्तीचं मूल. पण ऑपरेशन होऊनही शंभरातल्या 67 घरांत त्या वर्षात गर्भ राहिला नाही. आणि काही न करताही 14 घरांत राहिला. सगळे अभ्यास एकत्र करून पाहणारे तज्ज्ञ आजही म्हणतात की फायदा दिसतो, पण पुरावा अजून पक्का नाही. म्हणून "ऑपरेशन करा, मूल नक्की" असं जो सांगतो तो खोटं बोलतो.

कुणी करून घ्यावं, कुणी थांबावं

चार गोष्टी एकत्र असतील तर ऑपरेशनचा विचार करायला जागा आहे. शिरा हाताला लागतात. वीर्याच्या दोन तपासण्यांत दोष निघालाय. वर्षभर प्रयत्न करून मूल राहिलेलं नाही. आणि बायकोची तपासणी ठीक आहे किंवा तिचा दोष बरा होण्यासारखा आहे. शिरा मोठ्या असतील, एफएसएच ठीक असेल आणि थोडेतरी शुक्राणू असतील तर सुधारणेची शक्यता जास्त. असे पुरुष निवडले तर ऑपरेशननंतर साधारण दहातल्या सहा-सातजणांचा रिपोर्ट सुधारतो. पण रिपोर्ट सुधारणं आणि मूल होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वीर्य ठीक असेल तर मुलासाठी ऑपरेशन करू नका. फक्त मशीनवर दिसत असेल तर करू नका. वस्तीतल्या दुसऱ्या एका जोडप्याला नवऱ्याच्या सोनोग्राफीवरून ऑपरेशन सांगितलं होतं, उसनवारी सुरू झाली होती. रिपोर्ट बघितला तर संख्या मिलिलिटरमागे 4 कोटी, चाल उत्तम, हाताला काही लागत नाही. बायकोची एक्स-रे तपासणी मात्र कुणी केलीच नव्हती. केली तर दोन्ही गर्भनळ्या बंद निघाल्या. ते पैसे ऑपरेशनला गेले असते तर नळ्या तशाच राहिल्या असत्या.

बायकोचं वय फार महत्त्वाचं. ऑपरेशननंतर रिपोर्ट सुधारायला तीन ते सहा महिने आणि गर्भ राहायला बहुधा सहा ते बारा महिने लागतात. बायको पंचविशीची असेल तर हा वेळ आहे. ती सदतीस-अडतीसची असेल तर तो वर्षभराचा वेळ तिच्या अंड्यांच्या आयुष्यातून जातो. तिथे आधी दोघांनी मिळून वंध्यत्वाच्या डॉक्टरांशी बोलून टेस्ट ट्यूब बेबी की ऑपरेशन हे ठरवावं.

वीर्यात एकही शुक्राणू नसेल तर गोष्ट वेगळी. आधी नळी कुठे अडली आहे की कारखानाच बंद आहे ते बघावं लागतं. संख्या मिलिलिटरमागे 50 लाखांच्या खाली असेल किंवा शून्य असेल तर डॉक्टर जनुकांची रक्ततपासणीही सांगतात. दोष जन्मजात जनुकात असेल तर शिरा बांधून तो जात नाही. टुलोकच्या रुग्णासारखं कधीकधी घडतं, पण शून्यावरून घरीच मूल होणं हे क्वचित. त्या आशेवर घर गहाण टाकू नका.

भरतीच्या मुलांबद्दलही विचारतात. सैन्य भरतीच्या मेडिकलमध्ये व्हेरिकोसील निघालं की पोराला अनफिट करतात आणि घरचे घाईने ऑपरेशन करून घेतात. ते ऑपरेशन नोकरीसाठी असतं. त्यावरून "आता याला मूल होणार नाही" अशी चर्चा करू नका. लग्न ठरवताना तर मुळीच नको.

ऑपरेशन कसं होतं, काय विचारायचं

जांघेजवळ दोन-तीन सेंटिमीटरची चीर देतात, फुगलेल्या शिरा एकेक शोधून बांधतात. वृषणाला रक्त नेणारी धमनी आणि पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नलिका मात्र वाचवायच्या असतात. हे सगळं मिलिमीटरच्या मापाचं काम आहे. म्हणून ऑपरेशनच्या मोठ्या दुर्बिणीखाली, मायक्रोस्कोपखाली केलेलं सगळ्यात चांगलं समजतात. त्यात शिरा पुन्हा फुगण्याचं आणि पाणी भरण्याचं प्रमाण शंभरात एक-दोनच्या आसपास असतं. जुन्या उघड्या पद्धतीत किंवा पोटातून कॅमेऱ्याने केल्यास हे प्रमाण जास्त. पाणी वाहणाऱ्या नलिका बांधल्या गेल्या की पिशवीत पाणी भरतं आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते. धमनीच बांधली गेली तर गोळी सुकू शकते. हे फार क्वचित, पण होतं.

म्हणून सर्जनला विचारा: मायक्रोस्कोपने करता का? दर महिन्याला किती करता? परत फुगलं तर काय? योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. टेबलावर झोपल्यावर हे प्रश्न विचारून उपयोग नाही.

पुरुष मला हळूच विचारतात, "ताई, ही नसबंदी तर नाही ना? नामर्द तर होणार नाही?" नाही. नसबंदीत शुक्राणू नेणारी नळी कापतात. इथे तिला हातही लावत नाहीत, फक्त रक्ताच्या शिरा बांधतात. ताकदीला काही होत नाही.

बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. हलकं काम आठवड्याभरात जमतं. मागावर उभं राहणं, गोणी-बिम उचलणं तीन-चार आठवडे नको. संबंध दोन-तीन आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून. सूज वाढत गेली, ताप आला, टाक्यातून पू आला किंवा गोळी दगडासारखी दुखायला लागली तर लगेच परत जायचं. रिपोर्ट तीन महिन्यांच्या आत करू नका. आधीचा आकडा बघून उगाच निराश व्हाल.

फुगलेली शीर कोणत्याही गोळी, काढा, तेल किंवा बर्फाने आत जात नाही. रस्त्याकडेच्या तंबूतल्या "मर्दानी ताकद"वाल्याकडे पैसे घालवू नका. जिममध्ये काही मुलं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात. त्याने शरीर स्वतःचे शुक्राणू बनवणं थांबवतं, कधीकधी शून्यापर्यंत. ती घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. तंबाखू, सिगारेट, दारू यानेही शुक्राणू घटतात, आणि ऑपरेशन झालं तरी ते नुकसान चालूच राहतं.

आधी त्याची तपासणी

र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात लैंगिक प्रश्नांवर उघड लिहिलं म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला, तेव्हा 1934 मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडायला बाबासाहेब वकील म्हणून उभे राहिले होते. नव्वद वर्षांनंतरही आपल्या घरात वीर्य तपासणीचा शब्द काढायला लाज वाटते, म्हणून त्याची आठवण करून दिली.

बाईची एक्स-रे तपासणी दुखते, तिची औषधं महिनोन्महिने चालतात. पुरुषाची तपासणी म्हणजे एक डबी आणि पाच मिनिटं उभं राहणं. लग्नाला वर्ष झालं, एकत्र राहताय, मूल नाही, तर दोघांची तपासणी एकाच आठवड्यात सुरू करा. बायको पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच.

त्या मुलीची सासू परवा पुन्हा विहाराच्या पायरीवर आली. यावेळी बरोबर धाकटा मुलगा आणि त्याची बायको. लग्नाला दीड वर्ष. मी विचारायच्या आत ती म्हणाली, "सिस्टर, आधी ह्याची चिठ्ठी लिहा. हिची मग बघू."